धंद्याची गाडी विकली: नफा-तोटा आणि मालमत्तेच्या ब्लॉकचे गणित

धंद्यासाठी घेतलेली गाडी विकली की दोन हिशेब सुरू होतात. पहिला हिशेब वहीतला. गाडी किती रुपयांना घेतली, आजवर तिच्यावर किती घसारा लावला, उरलेली किंमत किती आणि विकून हाती किती आले, हे पाहून वहीत नफा किंवा तोटा लिहिला जातो. दुसरा हिशेब आयकराचा, आणि त्याची रीत पूर्णपणे वेगळी आहे. आयकर कायद्याच्या दृष्टीने धंद्यातली गाडी ही एकटी वस्तू नसून एका गटाचा भाग असते. या गटाला मालमत्तेचा ब्लॉक म्हणतात. गाडी विकून आलेली रक्कम त्या ब्लॉकमधून वजा होते आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच थांबते. त्या वर्षी वेगळा नफा धरला जात नाही, वेगळा तोटाही मिळत नाही. वहीत दिसणारा नफा करपात्र उत्पन्नात का धरला नाही, किंवा लाखभर रुपयांचा तोटा खर्चात का घेता आला नाही, याचे उत्तर या ब्लॉकमध्ये असते.

ही पद्धत करनिर्धारण वर्ष १९८८-८९ पासून लागू झाली. त्याआधी प्रत्येक यंत्राचा आणि प्रत्येक गाडीचा घसारा स्वतंत्रपणे मोजावा लागे. वस्तू विकली की तिच्या उरलेल्या किमतीशी विक्रीची किंमत ताडून पाहत. आधी घेतलेल्या घसाऱ्याइतका नफा त्याच वर्षी धंद्याच्या उत्पन्नात मिळवत आणि तोटा झाला तर तो वजावट म्हणून देत. शेकडो वस्तूंचा असा वर्षानुवर्षांचा हिशेब ठेवणे करदात्यालाही जड होते आणि तो तपासणे खात्यालाही जड होते. म्हणून सारख्या दराच्या वस्तू एकत्र करून त्यांच्या एकूण किमतीवर घसारा मोजण्याची तरतूद झाली. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ ने घेतली असली, तरी ब्लॉकची ही कल्पना नव्या कायद्यातही कायम आहे. पुढील उदाहरणे आर्थिक वर्ष २०२५-२६ मधली आहेत.

कोणती गाडी कोणत्या ब्लॉकमध्ये

ब्लॉक ठरतो तो दोन गोष्टींवर: वस्तूचा वर्ग आणि घसाऱ्याचा दर. इमारती, फर्निचर, यंत्रसामग्री व संयंत्र आणि अमूर्त मालमत्ता असे ढोबळ वर्ग आहेत. वाहने यंत्रसामग्री व संयंत्र या वर्गात येतात. या वर्गात ज्या ज्या वस्तूंना एकच दर आहे, त्या सगळ्या एका ब्लॉकमध्ये जातात, मग त्या एकमेकींपेक्षा कितीही वेगळ्या असोत.

धंद्याच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या मोटारीचा दर १५ टक्के आहे. सर्वसाधारण यंत्रांचा दरही १५ टक्केच आहे. त्यामुळे छापखान्याच्या मालकाची कार आणि त्याचे ऑफसेट यंत्र एकाच ब्लॉकमध्ये बसतात. बस, ट्रक किंवा टॅक्सी भाड्याने चालवण्याचाच धंदा असेल, तर त्या वाहनांचा दर ३० टक्के. तोच ट्रक एखाद्या कारखानदाराने फक्त स्वतःचा माल नेण्यासाठी ठेवला असेल, तर तो १५ टक्क्यांत येतो. विजेवर चालणाऱ्या वाहनांना ४० टक्के दर आहे. हाच दर संगणकांनाही आहे, त्यामुळे ही वाहने संगणकांच्या शेजारी जाऊन बसतात.

एक अपवाद आजही अनेकांच्या हिशेबात दडून आहे. वाहन उद्योगातील मंदीच्या काळात, २३ ऑगस्ट २०१९ ते ३१ मार्च २०२० या मुदतीत घेऊन १ एप्रिल २०२० पूर्वी वापरात आणलेल्या मोटारींना १५ ऐवजी ३० टक्के आणि भाड्याच्या वाहनांना ३० ऐवजी ४५ टक्के दर देण्यात आला. त्या काळात घेतलेली कार आणि त्यानंतर वर्षभराने घेतलेली तशीच कार, या दोन्ही एकाच मालकाच्या असल्या तरी वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये असतात. विक्रीच्या वेळी या फरकाने मोठा परिणाम होतो. तो पुढे येईल.

दरवर्षीची आकडेमोड

ब्लॉकचा वार्षिक हिशेब तीन पायऱ्यांचा आहे. वर्षाच्या सुरुवातीला ब्लॉकमधील सर्व वस्तूंची घसारा वजा जाता उरलेली एकूण किंमत घ्यायची. तिला पुढे घसारावजा किंमत म्हणू. तीत वर्षभरात त्या ब्लॉकमध्ये आलेल्या नव्या वस्तूंची खरेदी किंमत मिळवायची. मग वर्षात विकलेल्या, मोडीत काढलेल्या किंवा नष्ट झालेल्या वस्तूंबद्दल मिळालेली रक्कम वजा करायची. ३१ मार्चला जी रक्कम उरते, तिच्यावर त्या ब्लॉकच्या दराने घसारा मिळतो.

तिसऱ्या पायरीत काय वजा होते, तिकडे नीट पाहायला हवे. विकलेल्या गाडीची वहीतली उरलेली किंमत वजा होत नाही, तर विकून मिळालेली रक्कम वजा होते. सगळा फरक या एका गोष्टीने पडतो. गाडी ऑगस्टमध्ये विकली म्हणून एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांचा वेगळा घसाराही मिळत नाही. वर्षअखेर ब्लॉकमध्ये जी किंमत उरली, घसारा फक्त तिच्यावर.

सांगलीतील छापखाना

एक नमुना घेऊ. सांगलीतील एका छापखान्याच्या मालकाने मे २०२१ मध्ये धंद्यासाठी कार घेतली. रस्ता कर आणि नोंदणी धरून ती ८,००,००० रुपयांना पडली. गाडीचा वापर केवळ धंद्यासाठी आहे असे समजू. १५ टक्के घसारा जाऊन तिची उरलेली किंमत पहिल्या वर्षाअखेर ६,८०,०००, दुसऱ्या वर्षी ५,७८,०००, तिसऱ्या वर्षी ४,९१,३०० आणि ३१ मार्च २०२५ ला ४,१७,६०५ रुपये झाली. त्याच ब्लॉकमध्ये ऑफसेट यंत्र, कटिंग यंत्र आणि बाइंडिंगची यंत्रे आहेत. त्यांची उरलेली किंमत ५,८२,३९५ रुपये. म्हणजे १ एप्रिल २०२५ ला पूर्ण ब्लॉक बरोबर १०,००,००० रुपयांचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये मालकाने कार ४,८०,००० रुपयांना विकली आणि त्या वर्षी दुसरे काही घेतले नाही. वहीप्रमाणे ६२,३९५ रुपये नफा झाला. आयकराच्या हिशेबात मात्र दहा लाखांतून ४,८०,००० वजा होतात, ५,२०,००० उरतात, त्यावर १५ टक्के म्हणजे ७८,००० रुपये घसारा मिळतो आणि ४,४२,००० रुपये पुढच्या वर्षात जातात. नफ्यावर त्या वर्षी वेगळा कर नाही.

याचा अर्थ तो नफा करातून सुटला असा मात्र नाही. छापखान्यात उरलेल्या यंत्रांची किंमत खरे तर ५,८२,३९५ रुपये होती, पण ब्लॉकमध्ये आता ५,२०,००० रुपयेच दिसतात. दोहोंतला फरक बरोबर ६२,३९५ रुपये, म्हणजे कारवरचा नफा जसाच्या तसा. तेवढी घसाऱ्याची हक्काची रक्कम यंत्रांच्या वाट्यातून कमी झाली. पहिल्या वर्षी त्यामुळे सुमारे ९,३५९ रुपये घसारा कमी मिळाला. पुढील वर्षांतही असाच थोडा थोडा कमी मिळत राहील आणि तितके करपात्र उत्पन्न वाढत राहील. नफ्यावरचा कर माफ झालेला नसतो. तो पुढच्या वर्षांवर विभागला जातो.

आता तीच कार पडत्या बाजारात ३,००,००० रुपयांनाच गेली असे धरू. वहीत १,१७,६०५ रुपये तोटा दिसतो. आयकराच्या हिशेबात ब्लॉक सात लाखांचा उरतो आणि त्यावर १,०५,००० रुपये घसारा मिळतो. तोट्याची एकरकमी वजावट मिळत नाही. मात्र ५,८२,३९५ रुपयांच्या यंत्रांवर सात लाखांच्या हिशेबाने घसारा मिळतो, म्हणजे गाडी गेली तरी तिचा तोटा ब्लॉकमध्ये राहून घसाऱ्याच्या रूपाने वसूल होत राहतो. वसुलीचा वेग मात्र मंद असतो. पहिल्या वर्षी त्यातून १७,६४१ रुपये मिळतात. घसारा दरवर्षी उरलेल्या रकमेवर मोजला जात असल्याने चार वर्षांनंतरही या तोट्यातले सुमारे ६१,००० रुपये, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक रक्कम, वसूल व्हायची बाकी असते.

वहीतला नफा आणि कराचा हिशेब

इथेच सर्वाधिक चुका होतात. नफा-तोटा पत्रकात ‘वाहन विक्रीवरील नफा’ अशी ६२,३९५ रुपयांची नोंद करणे हिशेबशास्त्राप्रमाणे बरोबर आहे. पण करपात्र उत्पन्न काढताना ती रक्कम निव्वळ नफ्यातून वगळावी लागते. ती वगळली नाही आणि ब्लॉकमधून ४,८०,००० रुपयेही वजा केले, तर एकाच नफ्यावर दोनदा कर बसतो. एकदा लगेच उत्पन्न म्हणून आणि पुन्हा पुढील वर्षांत कमी मिळालेल्या घसाऱ्यातून.

तोट्याच्या बाबतीत याच्या उलट घडते. १,१७,६०५ रुपयांचा तोटा पत्रकात खर्च म्हणून नावे टाकला असेल, तर उत्पन्न काढताना तो निव्वळ नफ्यात परत मिळवावा लागतो. तो तसाच राहिला तर एकच तोटा दोनदा वजा होतो आणि तपासणीत ही वजावट नामंजूर होऊन कर व व्याज भरावे लागते. तिसरी चूक म्हणजे ब्लॉकमधून विक्रीच्या रकमेऐवजी कारची वहीतली किंमत, ४,१७,६०५ रुपये, वजा करणे. त्याने ब्लॉक ६२,३९५ रुपयांनी फुगतो आणि त्यावरचा जादा घसारा वर्षानुवर्षे चालू राहतो.

चूक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. वहीतील वाहन खाते आणि आयकराचा घसारा तक्ता हे दोन वेगळे कागद आहेत, आणि गाडी विकलेल्या वर्षी त्यांचे आकडे सहसा जुळत नाहीत. त्या वर्षी दोन्हीकडची उरलेली किंमत अगदी एकसारखी दिसली, तर आयकराचा तक्ता वहीवरून उतरवून घेतला आहे, असे समजून तो पुन्हा तपासावा.

विक्रीची रक्कम ब्लॉकपेक्षा मोठी असेल तर

वर सांगितलेला नियम दोन प्रसंगी मोडतो. पहिला प्रसंग म्हणजे विक्रीची रक्कम पूर्ण ब्लॉकपेक्षा मोठी असणे. ब्लॉक शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणून सुरुवातीची घसारावजा किंमत, वर्षातली नवी खरेदी आणि विक्रीसाठी झालेला खर्च या तिन्हींच्या बेरजेपेक्षा जी रक्कम जास्त येते, ती भांडवली नफा ठरते. गाडी कितीही वर्षे वापरलेली असली तरी हा नफा अल्पमुदतीचाच मानला जातो आणि त्यावर करदात्याच्या नेहमीच्या दराने कर लागतो. शेअर विक्रीला मिळणारा सवलतीचा दर इथे मिळत नाही.

भाड्याच्या वाहनांत हा प्रसंग लवकर येतो, कारण ३० टक्के दराने कागदावरची किंमत बाजारभावापेक्षा वेगाने उतरते. सावंतवाडीतील एका टॅक्सी व्यावसायिकाने एप्रिल २०२१ मध्ये प्रत्येकी आठ लाखांच्या दोन गाड्या घेतल्या असे धरू. सोळा लाखांचा हा ब्लॉक चार वर्षांत ३,८४,१६० रुपयांवर येतो. एवढ्या किमतीत दोन्ही गाड्या आल्या. २०२५-२६ मध्ये त्यांतली एकच गाडी ४,३०,००० रुपयांना गेली आणि ८,००० रुपये दलाली पडली. हिशेब असा: ४,३०,००० वजा ८,००० वजा ३,८४,१६०. उरलेले ३७,८४० रुपये हा अल्पमुदतीचा भांडवली नफा. दुसरी गाडी अजून रस्त्यावर धावत असली तरी तिची घसारावजा किंमत शून्य झाली. तिच्यावर यापुढे एक रुपयाही घसारा मिळणार नाही.

याच व्यावसायिकाने त्याच आर्थिक वर्षात नऊ लाखांची नवी टॅक्सी घेतली, तर चित्र बदलते. ३,८४,१६० मध्ये नऊ लाख मिळवून ४,३०,००० वजा केले की ब्लॉक ८,५४,१६० रुपयांचा होतो आणि भांडवली नफा उरत नाही. मात्र नवी गाडी त्याच ब्लॉकमधली हवी आणि ३१ मार्चपूर्वी मालकीची झालेली हवी. केवळ बुकिंगची पावती पुरत नाही. इथे विजेच्या गाडीने फसगत होऊ शकते. जुन्या टॅक्सीच्या जागी विजेवरची टॅक्सी घेतली, तर ती ४० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये जाते. ३० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये काहीच मिळवले जात नाही आणि ३७,८४० रुपयांचा भांडवली नफा तसाच राहतो.

ब्लॉक रिकामा झाला तर

दुसरा प्रसंग म्हणजे ब्लॉकमधली शेवटची वस्तूही विकली जाणे. रक्कम ब्लॉकपेक्षा जास्त आली तर वरीलप्रमाणे अल्पमुदतीचा भांडवली नफा होतो. कमी आली तर उरलेली किंमत अल्पमुदतीचा भांडवली तोटा ठरते. ब्लॉकच्या नावावर पैसे शिल्लक असले तरी त्यात वस्तू उरलेली नसल्याने त्या वर्षी घसारा मिळत नाही.

सावंतवाडीच्या व्यावसायिकाने धंदा बंद करताना दोन्ही टॅक्सी मिळून ३,२०,००० रुपयांना विकल्या, तर ६४,१६० रुपये भांडवली तोटा होतो. हा तोटा धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, तो फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो. त्या वर्षी भांडवली नफा नसेल तर तो पुढील आठ करनिर्धारण वर्षांपर्यंत ओढता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. जमीन, शेअर किंवा म्युच्युअल फंड विकण्याचा योग आठ वर्षांत आला नाही, तर या तोट्याचा काहीच उपयोग होत नाही. एक टॅक्सी धंद्यात चालू ठेवली असती, तर ब्लॉक जिवंत राहून उरलेल्या रकमेवर घसारा मिळाला असता आणि तो धंद्याच्या उत्पन्नातून थेट वजा झाला असता.

सांगलीच्या छापखान्याला ही अडचण येत नाही. कार ही त्याची एकमेव गाडी असली तरी १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये यंत्रे आहेत, त्यामुळे ब्लॉक रिकामा होत नाही. पण त्याच मालकाने एक कार नोव्हेंबर २०१९ मध्ये आठ लाखांना घेतलेली असेल, तर तिची गोष्ट वेगळी आहे. ती ३० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये एकटी आहे. पहिल्या वर्षी निम्मा आणि नंतर पूर्ण दराने घसारा जाऊन ३१ मार्च २०२५ ला तिची किंमत सुमारे १,१४,२८८ रुपये उरते. ही कार २,७५,००० रुपयांना विकली की तिचा ब्लॉक रिकामा होतो आणि १,६०,७१२ रुपये अल्पमुदतीचा भांडवली नफा त्याच वर्षी करपात्र ठरतो. शेजारच्या १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये कितीही किंमत असली तरी ती इथे आधाराला येत नाही. म्हणूनच गाडी विकण्यापूर्वी ती कोणत्या तारखेला घेतली आणि घसारा तक्त्यात कोणत्या ओळीत बसली आहे, हे पाहणे गरजेचे असते.

एक्स्चेंज, विमा आणि १८० दिवस

जुनी गाडी देऊन नवी घेताना डीलर जुन्या गाडीची किंमत बिलातून वळती करतो. समजा नव्या कारची किंमत ११,००,००० आहे, जुनीचे ३,५०,००० धरले आणि खात्यातून ७,५०,००० दिले. अनेक वह्यांत नवी कार साडेसात लाखांनाच चढवली जाते आणि जुनीची विक्री दाखवलीच जात नाही. कायद्याच्या दृष्टीने हे दोन व्यवहार आहेत: अकरा लाखांची खरेदी आणि साडेतीन लाखांची विक्री.

बेरीज-वजाबाकी शेवटी सारखीच येते, मग फरक काय, असे वाटू शकते. फरक १८० दिवसांच्या नियमामुळे पडतो. त्याच वर्षी घेतलेली वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर तिच्यावर निम्म्या दरानेच घसारा मिळतो. साधारणपणे ३ ऑक्टोबरनंतर वापरात आलेली गाडी या नियमात सापडते. छापखान्याचा दहा लाखांचा ब्लॉक धरून हे एक्स्चेंज डिसेंबरमध्ये झाले असे मानू. योग्य रीतीने १०,००,००० मधून ३,५०,००० वजा होऊन ६,५०,००० वर १५ टक्के, म्हणजे ९७,५०० रुपये, आणि नव्या कारच्या ११,००,००० वर साडेसात टक्के, म्हणजे ८२,५०० रुपये. एकूण घसारा १,८०,००० रुपये. चुकीच्या नोंदीत दहा लाखांवर १,५०,००० आणि साडेसात लाखांवर ५६,२५० मिळून २,०६,२५० रुपये येतात. म्हणजे २६,२५० रुपये घसारा जादा घेतला गेला.

गाडी अपघातात पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर विमा कंपनीकडून मिळालेली रक्कम आणि भंगाराची किंमत विक्रीच्या रकमेप्रमाणेच ब्लॉकमधून वजा होते. विम्याचा धनादेश मालकाच्या घरच्या बचत खात्यात जमा झाला आणि धंद्याच्या वहीत त्याची नोंदच झाली नाही, तर नसलेल्या गाडीवर घसारा चालू राहतो.

अनुमानित उत्पन्नाची योजना आणि गाडी

उलाढालीच्या ठरावीक टक्केवारीने उत्पन्न दाखवणारे छोटे व्यापारी आणि प्रति वाहन ठरावीक रकमेने उत्पन्न दाखवणारे ट्रकमालक घसाऱ्याचा तक्ता ठेवत नाहीत. उत्पन्नच अंदाजाने ठरत असल्याने घसाऱ्याची वेगळी वजावट त्यांना नसते. पण कायदा असे मानतो की त्या प्रत्येक वर्षाचा घसारा त्यांना मिळून गेला आहे, आणि ब्लॉकची किंमत त्या हिशेबाने कागदोपत्री उतरत राहते.

म्हणून दहा वर्षांपूर्वी घेतलेला एकुलता ट्रक विकताना मूळ किंमत पुढे करून तोटा झाला असे म्हणता येत नाही. दरवर्षी ३० टक्के दराने काल्पनिक घसारा वजा करून जी किंमत उरते, तिच्याशी विक्रीची रक्कम ताडावी लागते. ती किंमत बहुधा नगण्य असते आणि विक्रीची जवळपास पूर्ण रक्कम अल्पमुदतीचा भांडवली नफा ठरते. असा नफा असेल त्या वर्षी सुटसुटीत ITR-4 चालत नाही. ITR-3 भरावे लागते. त्यात ब्लॉकचा हिशेब Schedule DPM मध्ये येतो आणि त्यातून निघालेला भांडवली नफा Schedule DCG मध्ये दिसतो.

जीएसटीत मात्र एकट्या गाडीची किंमत

आयकरात गाडी ब्लॉकमध्ये विरघळून जात असली, तरी तिची स्वतंत्र घसारावजा किंमत लिहून ठेवण्याला एक व्यावहारिक कारण आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने खरेदीच्या वेळी इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले नसेल आणि गाडीवर आयकर कायद्याखाली घसारा घेतला असेल, तर जुन्या गाडीच्या विक्रीवर जीएसटी फक्त फरकाच्या रकमेवर लागतो. फरक म्हणजे विक्री किंमत वजा त्या गाडीची घसारावजा किंमत. जानेवारी २०२५ पासून सर्व प्रकारच्या जुन्या गाड्यांसाठी हा दर १८ टक्के झाला.

सांगलीच्या छापखान्याने कार ४,८०,००० ला विकली, तेव्हा फरक ६२,३९५ रुपये होता आणि त्यावर सुमारे ११,२३१ रुपये जीएसटी लागला. ३,००,००० ला विकली असती तर फरक उणे आला असता आणि कर शून्य. म्हणजे ज्या नफ्याची आयकरात त्या वर्षी वेगळी दखल घेतली गेली नाही, तोच नफा जीएसटीत त्याच महिन्यात करपात्र ठरतो. गाडीनिहाय नोंद नसेल तर हा फरक सिद्ध करणे अवघड जाते.

म्हणून गाडीमागे पुढील कागद जपून ठेवावेत: खरेदीचे बिल, वापर सुरू झाल्याची तारीख, दरवर्षीच्या घसाऱ्याचा वेगळा तक्ता, विक्रीचा करार किंवा डीलरची एक्स्चेंज पावती, दलालीची पावती आणि रक्कम बँकेत जमा झाल्याचा उतारा. आरसी बुकवर नाव कधी बदलले याची नोंदही सोबत असावी, कारण विक्री मार्चअखेरीस झाली असेल तर ती कोणत्या आर्थिक वर्षात धरायची हा प्रश्न याच कागदांवरून सुटतो. आणि विक्री कोणत्या वर्षात धरली जाते त्यावरच त्या वर्षीचा घसारा, भांडवली नफा आणि ब्लॉकची पुढे जाणारी किंमत ठरते.